चार इंडिकेटर, पण माहिती एकाचीच

खूप दिवस हे लिहायचं होतं, आज लिहूनच टाकतो. परवा एका मित्राने चार्टचा स्क्रीनशॉट पाठवला, खाली आरएसआय, स्टोकॅस्टिक, विल्यम्स पर्सेंट आर आणि सीसीआय असे चार पट्टे, आणि मेसेज होता की "चारही ओव्हरबॉट दाखवतायत, आता तर नक्की पडणार ना?" मला एकदम माझाच जुना चार्ट आठवला. हेच चार लावून मी एकदा शॉर्ट केला होता, आणि चौघांचं एकमत आहे म्हणून नेहमीच्या दुप्पट क्वांटिटीने केला होता. भाव त्यानंतर आठ सेशन वर चढत राहिला आणि चारही इंडिकेटर आठही दिवस वरच चिकटून होते. तोटा झाला त्याचं वाईट वाटलंच, पण दुप्पट क्वांटिटी मी ज्या कारणासाठी घेतली ते कारणच खोटं होतं, हे कळायला मला फार उशीर लागला.

सगळ्यात सोपी जोडी आधी घेऊ, स्टोकॅस्टिक आणि विल्यम्स. फॉर्म्युले शेजारी शेजारी ठेवून बघा. C म्हणजे आजचा क्लोज, H आणि L म्हणजे गेल्या 14 सेशनचा सगळ्यात वरचा हाय आणि सगळ्यात खालचा लो.

```
%K = 100 × (C − L) / (H − L)
%R = −100 × (H − C) / (H − L)
```

समजा 14 दिवसांचा हाय 520, लो 480 आणि आजचा क्लोज 512. पहिला येतो 80, दुसरा येतो −20. उद्या क्लोज 490 आला आणि रेंज तीच राहिली तर 25 आणि −75. दोन्ही वेळा पहिल्यातून 100 वजा केले की दुसरा मिळतो, आणि हे कायमच असं होतं कारण एक तळापासूनचं अंतर मोजतो आणि दुसरा छतापासूनचं, खोली तीच आहे. ओव्हरबॉटची रेषा एकाची 80 आणि दुसऱ्याची −20, म्हणजे तीही तीच रेषा. हे "दोन्ही कन्फर्म करतायत" नाहीये, एकच आकडा दोनदा छापलाय. (स्टोकॅस्टिक स्लो ठेवला असेल तर त्यावर अ‍ॅव्हरेज असतो, त्यामुळे तो थोडा गुळगुळीत आणि थोडा उशिरा दिसतो, कच्चा माल बदलत नाही.)

आरएसआय आणि सीसीआय इतके तंतोतंत सारखे नाहीत हे मान्य. आरएसआय बघतो की गेल्या 14 दिवसांतल्या एकूण हालचालीत वर जाण्याचा वाटा किती, आणि सीसीआय बघतो की भाव स्वतःच्या सरासरीपासून किती लांब गेलाय. पण चौघांनाही प्रश्न एकच विचारलाय, भाव आपल्या अलीकडच्या भावांच्या मानाने वर आहे की खाली, आणि डेटाही तोच दिलाय. मग उत्तर सारखं येणारच. आणि खरा धोका असा की हे चुकतात पण एकत्रच. जोरदार ट्रेंडमध्ये भाव रोज रेंजच्या वरच्या टोकाला बंद होतो तेव्हा चारही ओव्हरबॉट राहतात, आणि आपण ज्या दिवशी सगळ्यात जास्त खात्रीने उलटा ट्रेड घेतो तो नेमका तोच दिवस असतो.

तुमच्या चार्टवर हे तपासायला एक्सेल पुरतं. 250 दिवसांच्या दोन इंडिकेटरच्या व्हॅल्यू दोन कॉलममध्ये टाका आणि कोरिलेशन काढा.

```
=CORREL(B2:B251,C2:C251)
```

कच्च्या स्टोकॅस्टिकचं आणि विल्यम्सचं बरोबर 1 येईल. बाकीच्या जोड्यांचं जे येईल ते स्वतः बघा, पिरियड सारखा ठेवला तर आकडा सहसा 1 च्या जवळ येतो. समजा चार इंडिकेटर आहेत आणि प्रत्येक जोडीचं कोरिलेशन 0.9 आहे, तर वेगवेगळ्या मतांइतकी किंमत त्यांची किती? ढोबळ हिशोब असा की 4 ला (1 + 3 × 0.9) ने भागायचं, म्हणजे 3.7 ने, उत्तर 1.08. चार पट्टे लावले आणि हातात आलं एक मत, वर चिमूटभर. मी दुप्पट क्वांटिटी घेतली होती ती या चिमूटभरावर. एकच आरएसआय 9, 14 आणि 21 असा तीनदा लावणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

मग दुसरा इंडिकेटर कोणता घ्यायचा? मी असं विचारतो की पहिला इंडिकेटर काय फेकून देतो. आरएसआय हे गुणोत्तर आहे, त्यामुळे हालचाल किती मोठी होती हे भागाकारात निघून जातं. एका शेअरमध्ये 14 दिवसांत वरच्या दिवसांची बेरीज 42 पॉइंट आणि खालच्या दिवसांची 18, दुसऱ्यात 14 आणि 6. साध्या सरासरीने दोघांचा आरएसआय 70 येतो. समजा दोघांचा भाव 500 च्याच आसपास आहे, तरी पहिला दिवसाला सरासरी 4.3 पॉइंट हलतोय आणि दुसरा 1.4. आरएसआयला हे दिसतच नाही, दिसू शकतच नाही.

एटीआर नेमकं हेच मोजतो. दिवसाचं हाय-लो अंतर आणि आधीच्या क्लोजपासून आजच्या हाय किंवा लोपर्यंतचं अंतर यातलं जे मोठं त्याची सरासरी, दिशेचा त्यात काही संबंध नाही. समजा पहिल्याचा एटीआर 6 आला आणि दुसऱ्याचा 2. स्टॉपलॉस दोन एटीआरवर ठेवायचा तर पहिल्याला 12 पॉइंट, दुसऱ्याला 4. एका ट्रेडमध्ये 1,200 पेक्षा जास्त घालवायचे नाहीत असं ठरवलं असेल तर पहिल्यात 100 शेअर आणि दुसऱ्यात 300. दोन्हीकडे सरसकट 5 पॉइंटचा स्टॉपलॉस लावला असता तर पहिल्या शेअरमध्ये तो नुसत्या रोजच्या हेलकाव्यात उडाला असता, दिशा बरोबर असूनसुद्धा. म्हणजे आरएसआयने बाजू सांगितली, एटीआरने किती घ्यायचं आणि कुठे बाहेर पडायचं ते सांगितलं, दोघांची कामं वेगळी.

या जोडीचंही कोरिलेशन काढा, फक्त एटीआर क्लोजच्या टक्क्यांत घ्या, नाहीतर भाव वाढला की एटीआर नुसता त्यामुळेच वाढलेला दिसतो. शून्य येईलच असं नाही, शेअरमध्ये घसरण जोरात असली की एटीआर सहसा फुगतो, त्यामुळे थोडं उणे आलं तर गोंधळू नका. आणि या जोडीने ट्रेंडमधला आरएसआयचा दोष जात नाही, तो 70 च्या वर बसून राहायचा तेव्हा राहणारच. एटीआरने फक्त तेव्हाचा तोटा ठरवलेल्या आकड्याच्या आसपास राहतो, मोठी गॅप आली तर तेही नाही.

मला काहींनी विचारलंय की बोलिंजर बँड का नको. भाव बँडच्या वरच्या रेषेला टेकला की विकायचं म्हणून तो लावणार असाल तर तो परत "सरासरीपासून किती लांब" हाच प्रश्न झाला, सीसीआयचा भाऊ. बँडची रुंदी बघणार असाल तर वेगळी गोष्ट, ती एटीआरच्या घरातली आहे. व्हॉल्यूम मात्र खरोखर नवा डेटा आहे, कारण तो भावातून काढताच येत नाही. पण ओबीव्ही दिवसाचा सगळा व्हॉल्यूम क्लोज वर की खाली एवढ्यावरून प्लस किंवा मायनस करतो, म्हणजे अर्धी माहिती परत भावाकडूनच उसनी घेतो, म्हणून मी व्हॉल्यूमचे साधे बार आणि त्यावर 20 दिवसांचा अ‍ॅव्हरेज एवढंच ठेवतो.