सरांना वाढदिवसाला काय लिहायचं?

आमचे सीए सर या महिन्यात साठ वर्षांचे होतायत. नौपाड्यातल्या त्यांच्या ऑफिसात आर्टिकलशिप केलेले आम्ही सगळे मिळून त्यांना शुभेच्छांची वही देणार आहोत. मजकूर गोळा करायचं काम माझ्याकडे आहे.

बहुतेकांनी लिहिलंय, "आपल्या अमूल्य मार्गदर्शनामुळे आज मी इथवर पोहोचलो." मनापासून लिहिलंय, याबद्दल शंका नाही. पण कोणतं मार्गदर्शन, ते सरांना यातून कळणार नाही. शिकवणाऱ्याला आपलं नेमकं काय कोणाच्या कामी आलं हे सहसा कळतच नाही. ते फक्त आपणच सांगू शकतो, आणि माझ्या मते आभारात तेच यायला हवं.

वाशीला एका कंपनीत अकाउंट्स बघणाऱ्या मैत्रिणीनेही असंच लिहिलं होतं. मी तिला फोन करून विचारलं, "सरांचं कोणतं वाक्य तुला काम करताना अजून आठवतं?" ती लगेच म्हणाली, "फरकाला नवाने भाग जातो का बघ!"

ट्रायल बॅलन्स जुळला नाही की सर हेच म्हणायचे. 5,840 च्या जागी 5,480 लिहिलं गेलं, तर फरक येतो 360, म्हणजे नवाच्या चाळीस पट. शेजारचे दोन आकडे उलटे पडले की फरकाला नवाने भाग जातोच. भाग गेला म्हणजे चूक तीच, असं मात्र नाही; पण आधी कुठे शोधायचं ते कळतं.

मग तिने नव्याने लिहिलं: "सर, आता सॉफ्टवेअरमध्ये चुकीची रक्कम दोन्ही बाजूंना सारखीच पडते, त्यामुळे ट्रायल जुळतो. चूक कळते ती बँक रिकन्सिलिएशनला. तिथे फरक आला की मी अजूनही आधी नवाने भागून बघते. आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलालाही हे तुमचं नाव सांगून शिकवलं. वाढदिवसाच्या खूप शुभेच्छा!"

यात सरांची एकही स्तुती नाही, तरी हे त्यांच्याशिवाय कोणालाच पाठवता येणार नाही. त्यांचं वाक्य आहे, ते आज कुठे वापरलं जातं ते आहे, आणि पुढे कोणाकडे गेलं तेही आहे. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते मधलं. नुसती जुनी आठवण सांगितली की ती ऑफिसातली गंमत होऊन राहते. आजचा वापर सांगितला की शिकवलेलं अजून चालू आहे हे दिसतं.

एकाने उलट टोक गाठलं. स्वतःच्या बढत्या, पगार, परदेशातली नोकरी, असं पानभर लिहून शेवटी "हे सगळं तुमच्यामुळे." एवढ्या मोठ्या श्रेयावर सर काय बोलणार? त्याला मी एकच प्रसंग ठेवायला सांगितलंय. शिवाय एका क्लायंटचं नाव घालून ऑडिटचा किस्सा आलाय. ते नाव मी काढणार आहे. वही घरातले, पाहुणे सगळे वाचतील, आणि क्लायंटचं बाहेर बोलायचं नाही हेही सरांनीच शिकवलंय.

ज्यांचं अजून आलेलं नाही, त्यांनी चार-पाच ओळी रविवारपर्यंत पाठवा. सुचत नसेल तर फोन करा, मी तोच प्रश्न विचारेन.