डावी-उजवी जुळली, पण k चं काय?

प्रतिक्रिया: "दोन्ही बाजूंच्या लिमिट सारख्या आल्या की फंक्शन कंटिन्युअस, विषय संपला. f(a) चं शेपूट लावून तुम्ही क्लासवाले पोरांना उगाच घाबरवता. अप्पा बळवंत चौकातल्या कुठल्याही गाइडात हे दोन ओळींत मिळतं. लेखही फार लांबलाय."

नमस्कार.

मतभेदाला माझी हरकत नाही. पण दुसऱ्याच्या लेखाखाली 'विषय संपला' असं फर्मावण्याआधी निदान एक गणित तरी सोडवून बघायचं होतं. अकरावीचे पेपर तपासण्यात माझी वर्षं गेली आहेत. पोरं कशाला घाबरतात हे मला तुमच्याकडून ऐकायचं नाही.

हे गणित घ्या. −1 ≤ x < 0 असताना f(x) = (√(1+x) − 1)/x, x > 0 असताना f(x) = (x+1)/2, आणि f(0) = k. फंक्शन 0 पाशी कंटिन्युअस आहे, तर k काढा.

डाव्या तुकड्यात थेट 0 टाकला की 0/0 येतं. बरीच मुलं तिथेच 'लिमिट नाही' लिहून मोकळी होतात. वर-खाली √(1+x) + 1 ने गुणा. अंशात (1+x) − 1, म्हणजे नुसता x उरतो आणि खालच्या x शी कटतो. कटतो, कारण लिमिट घेताना x शून्याच्या जवळ जातो, शून्य होत नाही. राहतं 1/(√(1+x) + 1), म्हणून डावी लिमिट 1/2. खात्री करायची तर x = −0.01 टाका, सुमारे 0.5013 येईल. उजवीकडे काहीच भानगड नाही: (0+1)/2 = 1/2.

दोन्ही जुळल्या. तुमच्या नियमाने विषय इथे संपला, म्हणजे k = 7 घेतला तरी चालेल! आलेख काढा: दोन्हीकडच्या रेघा 1/2 च्या उंचीवर येऊन भिडतात आणि x = 0 चा बिंदू एकटाच वर 7 पाशी राहतो. याला कंटिन्युअस कोण म्हणेल? लिमिट 0 च्या आजूबाजूच्या किमती बघते, 0 वरची बघतच नाही. ती f(0) ने वेगळी तपासावी लागते. k = 1/2 मिळतो तो तिथूनच.

एक मान्य. बरोबरीचं चिन्ह एखाद्या तुकड्याला जोडलेलं असेल, जसं x ≤ 2 साठी x² + 1 आणि x > 2 साठी 3x − 1, तर f(2) = 5 हीच डावी लिमिटही असते, कारण तो तुकडा बहुपदी आहे. मग उजवीकडचे 5 जुळले की काम झालं. खरंच दोनच आकडे बघायचे. पण वरच्या गणितात डाव्या तुकड्याला ≤ लावताच येत नाही, छेद शून्य होतो. म्हणून तर k वेगळा दिलेला असतो.

लांबीचं म्हणाल, तर ज्यांना दोन ओळी पुरतात त्यांनी गाइड घ्यावं. पुढच्या वेळी 'क्लासवाले' म्हणण्याऐवजी, f(0) ला हात न लावता k कसा काढलात तेवढं लिहा. उत्तर त्यालाच देईन.