मगरीची पाठ पाण्यात कशी दिसली?

पावसाचं पाणी साचलेल्या रस्त्यावर उभ्या मगरीचा एक फोटो फिरतोय. तो खोटा आहे असं मी आधीच्या लेखात लिहिलं होतं, त्यावर एका वाचकाची ही प्रतिक्रिया: ताई, "प्रतिबिंब जुळत नाही म्हणून फोटो खोटा" हे काही पटलं नाही. वीस वर्षं कॅमेरा हाताळतोय. पाण्यातलं प्रतिबिंब मूळ वस्तूसारखं हुबेहूब नसतंच, आणि लेन्सवर चमक कापणारा सीपीएल फिल्टर लावला तर ते गायबही होतं. शिवाय फोटो गाडीच्या काचेतून काढलाय, रंग वेगळे दिसणारच. आणि मगर रस्त्यावर येत नाही असं वाटत असेल तर पावसाळ्यात आमच्या चिपळूणला या. २०२४ मध्ये आली होती, सगळ्यांनी व्हिडिओ पाहिलाय. घरबसल्या खऱ्याला खोटं ठरवणं सोपं असतं.

---

दादा, आधी माझी चूक कबूल करते. "प्रतिबिंब जुळत नाही" हे वाक्य मी घाईत लिहिलं आणि ते चुकीचं आहे. मूळ लेखात आता ते खोडून ठेवलंय, पुसलेलं नाही, म्हणजे तुमची प्रतिक्रिया वाचणाऱ्याला संदर्भ कळेल. मला म्हणायचं होतं ते जवळजवळ उलट आहे. त्या फोटोतलं प्रतिबिंब मगरीशी नको तितकं जुळतं, आणि तिथेच तो फोटो फसलाय.

तुम्ही म्हणता ते बरोबरच आहे, फक्त ते का बरोबर आहे ते पाहू. साचलेल्या पाण्यातलं प्रतिबिंब म्हणजे वस्तूच्या फोटोची उलटी प्रत नव्हे. तुमचा कॅमेरा पाण्याच्या वर जितका उंच आहे तितकाच पाण्याच्या खाली नेऊन ठेवला आणि तिथून वर बघितलं तर वस्तू जशी दिसेल, तसं ते दृश्य असतं. म्हणून टेबलाच्या प्रतिबिंबात फळीची खालची बाजू दिसते, वर ठेवलेलं ताट दिसत नाही. लांबच्या वस्तूंच्या बाबतीत हा फरक जाणवत नाही. तळ्यापलीकडचं देऊळ आणि त्याचं प्रतिबिंब जवळपास सारखं दिसतं, कारण शंभर मीटरवरून बघताना कॅमेऱ्याच्या दीड मीटर उंचीने कोन कितीसा बदलणार? वस्तू जवळ आली की मात्र फरक डोळ्यात भरतो.

आता मगर. फोटो ड्रायव्हरच्या सीटवरून काढलाय, म्हणजे कॅमेरा रस्त्यापासून साधारण सव्वा मीटर उंच. मगर बॉनेटच्या पुढे, पाच-सहा मीटरवर आहे. पाणी घोट्याएवढंही नाही आणि ती चार पायांवर अंग उचलून उभी आहे. इतक्या जवळून आणि वरून बघितल्यामुळे तिच्या पाठीवरच्या खवल्यांच्या रांगा दिसतात, दूरच्या बाजूची रांगसुद्धा. ते ठीकच आहे. पण पाण्यात काय दिसायला हवं होतं? जवळची कूस, जबड्याची खालची बाजू आणि पोटाचा पिवळट पांढरा पट्टा. प्रत्यक्षात पाण्यात दिसतात त्याच पाठीवरच्या त्याच रांगा, दूरच्या रांगेसकट. पाण्याखालून वर बघणाऱ्याला मगरीची पाठ दिसायची तर मगर आधी उताणी व्हायला हवी.

हे कसं झालं असेल ते कळायला फोटोशॉप पाच मिनिटं वापरलेलं असलं तरी पुरे. मगर कापून आणली, तिचा दुसरा लेअर केला, उभा फ्लिप केला आणि खाली सरकवला. पण इथे त्या कलाकाराची एक अडचण झाली. मगर रस्त्यावर तिरकी आहे, पुढचे पाय आपल्याकडे आणि मागचे लांब. त्यामुळे फोटोत पुढचे पाय खाली येतात आणि मागचे वर. अशी तिरकी आकृती उलटी केली की तिचा उतारही उलटतो. पुढचे पाय प्रतिबिंबाला चिकटवले की मागच्या पायांखाली फट पडते. मग काय करायचं? त्याने उलटी प्रत थोडी फिरवली आणि फट बुजवली.

पण फिरवल्यामुळे दुसरा पुरावा तयार झाला, आणि तो तुम्ही स्वतः पट्टी लावून तपासू शकता. सपाट, स्थिर पाण्यात वस्तूवरचा कोणताही बिंदू आणि त्याचं प्रतिबिंब जोडणारी रेघ प्रत्यक्षात उभी, ओळंब्यात असते. कॅमेरा सरळ धरला असेल तर फोटोतही अशा सगळ्या रेघा उभ्या आणि समांतर येतात. कॅमेरा वर किंवा खाली झुकलेला असेल तर त्या वाढवल्यावर एकाच बिंदूत मिळतात. संशोधक जेम्स ओब्रायन आणि हनी फरीद यांनी २०१२ मध्ये याच तत्त्वावर प्रतिबिंबांतली लबाडी पकडण्याची पद्धत मांडली होती, आणि ती आरशांनाही लागू पडते. मी आपल्या फोटोत सहा रेघा ओढल्या. रिक्षाचा दिवा, दुकानाच्या पाटीचे दोन कोपरे आणि विजेच्या खांबाचं टोक या चार रेघा उभ्या. मगरीच्या नाकाची आणि शेपटीच्या टोकाची रेघ मात्र स्पष्ट उजवीकडे कललेली. एकाच पाण्यात दोन ओळंबे असू शकत नाहीत. रस्त्याला उतार असेल असं म्हणाल, तर साचलेलं पाणी उतारावर थांबत नाही.

सीपीएलचा मुद्दा मला आवडला, कारण पाण्यात प्रतिबिंब कमी का, याचं खरं उत्तर अनेकदा तेच असतं. फिल्टरचा जोर पाण्याकडे ओळंब्यापासून ५३ अंशांच्या आसपास बघताना सर्वांत जास्त असतो. पण फिल्टर वस्तू निवडत नाही. शेजारच्या पाण्याला जे होईल तेच मगरीच्या पाण्याला व्हायला हवं. म्हणून एकट्या वस्तूकडे बघून काही ठरवू नये, शेजाऱ्यांशी ताडून पाहावं.

फिल्टर नसतानाही पाणी सगळीकडे सारखं आरसा होत नाही. सरळ खाली बघितलं तर पाणी जेमतेम २ टक्के प्रकाश परतवतं, बाकी आत जातो. जितकं तिरकं बघाल तितका आरसा पक्का. सव्वा मीटर उंचीवरून सहा मीटरवरचं पाणी साधारण ३० टक्के प्रकाश परतवतं आणि वीस मीटरवरचं ७० टक्क्यांच्या आसपास. फोटोत लांबची रिक्षा पाण्यात ठळक उमटलीय, आणि जवळ येता येता पाण्याचा गढूळ तपकिरी रंग वर येत जातो. मगरीखालचं प्रतिबिंब मात्र जवळ असूनही रिक्षाच्या प्रतिबिंबाइतकंच ठळक आहे, आणि त्यातल्या काळ्या जागा गढूळ पाण्याने जराही उजळलेल्या नाहीत. वर पाऊस पडतोय. थेंबांची वर्तुळं सगळ्या पाण्यावर आहेत, रिक्षाचं प्रतिबिंब त्यांनी थरथरलंय, आणि मगरीच्या प्रतिबिंबाच्या कडेशी येऊन ती वर्तुळं कापल्यासारखी थांबतात.

मगर स्वतःही कोरडी आहे, हे मला आधी लक्षातच आलं नव्हतं. घरी मुलीने दाखवलं, "आई, ही भिजली कुठेय?" ओली वस्तू गडद दिसते, कारण पृष्ठभागावरच्या पाण्याच्या थरात प्रकाश अडकून पुन्हा पुन्हा आत फिरतो आणि जास्त शोषला जातो. फोटोतला डांबरी रस्ता, रिक्षाचा टप, भिंतीचा खालचा भाग, सगळं असं काळवंडलंय आणि त्यावर आभाळाची पांढरी चमक आहे. मगरीच्या अंगावर मात्र वाळलेल्या चिखलाची फिकट राखाडी पूड. नदीकाठी उन्हात तास-दोन तास पडून राहिलेली मगर अशी दिसते.

आता काच. काचेतून काढल्याने रंग बदलतात, मान्य. पण काच सगळ्या दृश्यावर सारखी बसते, आणि ती प्रकाश वाढवते, ही गोष्ट सहसा विसरली जाते. काचेच्या आतून डॅशबोर्डचं जे प्रतिबिंब पडतं ते बाहेरच्या दृश्यावर *मिळवलं* जातं. म्हणून तिथे बाहेरचा काळा रंगही पूर्ण काळा राहत नाही, धुरकट होतो. या फोटोत डॅशबोर्डवर ठेवलेल्या एका कागदाचा पांढुरका चौकोन काचेत उमटलाय. तो रस्त्यावरून जातो, पाण्यावरून जातो, मगरीच्या शेपटीपाशी गायब होतो आणि शेपटीपलीकडे पुन्हा सुरू होतो. शिवाय काचेवरचे पावसाचे थेंब पाहा. प्रत्येक थेंब म्हणजे छोटं भिंग असतं, मागचं दृश्य त्यात उलटं दिसतं. मगरीच्या मानेवर आलेला थेंब अर्धाच आहे, उरलेला अर्धा मगरीखाली गेलाय. म्हणजे मगर काचेच्या अलीकडे, गाडीत बसलेली!

काचेच्या बाबतीत चुकणारे सगळेच हौशी नसतात. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईच्या पुराच्या हवाई पाहणीचा पंतप्रधानांचा फोटो सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने ट्विट केला होता. खिडकीतून पूरग्रस्त इमारती लख्ख दिसत होत्या. मूळ फोटोत खिडकीबाहेरचं दृश्य धूसर होतं, जसं ते खिडकीतून दिसायला हवं तसंच. लोकांनी काही तासांत पकडलं, ट्विट काढावं लागलं, आणि दोन फोटो एकत्र केल्याचं कार्यालयाने मान्य केलं. पाहणी खरी होती, पूर खरा होता, खिडकीतलं दृश्य तेवढं चिकटवलेलं होतं.

चिपळूणच्या मगरीबद्दलही माझं हेच म्हणणं आहे. ती खरी होती, मी कुठेही नाकारलेलं नाही. मगर रस्त्यावर येऊ शकते की नाही यावरून हा फोटो खरा-खोटा ठरत नाही. अमेरिकेत पुराच्या रस्त्यावर पोहणाऱ्या शार्कचा एक फोटो २०११ पासून फिरतोय, २०१७ च्या ह्यूस्टनच्या पुरात तो पुन्हा आला. त्यातला शार्क छायाचित्रकार थॉमस पेशॅक यांच्या दक्षिण आफ्रिकेतल्या, कयाक या छोट्या होडीच्या प्रसिद्ध फोटोतून उचललेला होता. स्वच्छ समुद्रात पाण्याखाली दिसणारं अंग गढूळ पुराच्या पाण्यातही तितकंच स्पष्ट दिसत होतं. पुढे २०२२ मध्ये फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सला पुराच्या पाण्यात शार्कसारखा मासा खरोखर दिसला आणि तो व्हिडिओ तपासणीत खरा निघाला. पण तेवढ्यावरून जुना फोटो खरा ठरला नाही.

माझ्या तपासणीच्या मर्यादाही सांगते. व्हॉट्सॲपवरून दहा वेळा फिरलेल्या फोटोत थेंब आणि वर्तुळं चौकड्यांत विरघळतात, त्यामुळे त्या दोन मुद्द्यांवर मी फार भार देणार नाही. वारा असता तर प्रतिबिंब उभं ताणलं गेलं असतं आणि रेघा ओढणंही अवघड झालं असतं. मला फोटोची जी प्रत मिळाली ती बरी होती, इतकंच. पाठीवरच्या रांगा आणि कललेल्या रेघा मात्र कितीही खराब प्रतीत टिकतात.

तुमच्याकडे वीस वर्षांचे फोटो आहेत, तर एक विनंती. ओल्या रस्त्यावर उभं असलेलं कुत्रं किंवा म्हैस, पाच-सहा मीटरवरून, उभ्याने काढलेला एखादा फोटो असेल तर पाठवा. त्याच्या पाण्यात पोट दिसतंय की पाठ, ते आपण दोघं मिळून बघू.