रुग्णवाहिकेची वाट मोकळी ठेवणाऱ्यांचे आभार

"मावशी, तुम्ही इतकी वर्षे जर्मनीत राहता आणि यंदा गणपतीचे सगळे दिवस इथे होतात. खरे सांगा, तिथल्या उत्सवांसारखी व्यवस्था आपल्या गल्लीत कधी होईल का?"

हा प्रश्न मंडळाच्या एका तरुण कार्यकर्त्याने मला अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, मंडपाचे वासे उतरत असताना विचारला. त्याचे उत्तर मी दादरच्या आमच्या गल्लीतल्या सर्व कार्यकर्त्यांचे आभार मानूनच देऊ शकते, कारण 2025 च्या या उत्सवात मी जे पाहिले ते ड्युसेलडॉर्फच्या माझ्या वस्तीतल्या कोणत्याही रस्त्यावरच्या उत्सवाशेजारी ठेवता येईल असे होते. घरोघरी दरवर्षी वाद होतो तो सार्वजनिक गणपती रस्त्यावर बसवावा की बसवू नये, यावर. रस्त्यावर बसवायचाच ठरला तर रस्ता रस्ता म्हणून कसा चालू ठेवायचा, हा प्रश्न त्या वादात मागे पडतो. आमच्या मंडळाने नेमका तोच हाती घेतला होता.

आमची गल्ली एका टोकाला बंद आहे. शेवटच्या दोन इमारतींत म्हातारी माणसे अधिक आहेत आणि मंडप गल्लीच्या मधोमध येतो. पूर्वी तो दोन्ही बाजूंना टेकलेला असे. यंदा सचिवांनी मंडपवाल्याला पहिला बांबू रोवण्याआधीच रस्त्यावर चुन्याने रेघ मारून दिली, मंडप एका कडेला घेतला आणि दुसऱ्या कडेने गाडी जाईल एवढी वाट राखली. माझ्या जर्मन इमारतीच्या फाटकावर अग्निशमन दलासाठी राखीव असलेल्या वाटेची पाटी आहे. तिथल्या मानकानुसार अशी वाट किमान तीन मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंचीपर्यंत मोकळी लागते. हे मी सचिवांना मोठ्या उत्साहाने सांगितले, तर ते शांतपणे म्हणाले, "ताई, रुंदी सगळे मोजतात. आपल्याकडे गाडी अडते ती कमानीला." आणि खरोखरच त्यांनी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कमानीचा आडवा वासा वर घेतला होता, त्याखाली लोंबणाऱ्या दिव्यांच्या माळा काढून त्या बाजूच्या खांबांवर गुंडाळायला लावल्या होत्या. परवानगीच्या कागदावर मंडपाची लांबी-रुंदी असते. माळ किती खाली लोंबेल, हे संध्याकाळी दिवे लागल्यावरच कळते, म्हणून ते रोज संध्याकाळी टेप घेऊन कमानीखाली उभे राहत.

राखलेली वाट दोन दिवसांत दुचाक्यांनी भरते, ही खरी अडचण होती. सभेत हा विषय निघाला तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी आपली गाडी कुठे लावायची आणि वर्गणीत त्यासाठी सूट मिळणार का, हे विचारण्यात बराच वेळ घेतला. त्यांचा प्रश्न विषयाला सोडून वाटला तरी त्यातूनच मार्ग निघाला, कारण गाड्यांना पर्यायी जागा दिल्याशिवाय नुसते 'नो पार्किंग' लिहून काही होणार नव्हते. कोपऱ्यावरच्या शाळेने संध्याकाळी मैदानाचे फाटक उघडून दिले आणि मंडळाने तिथे एक माणूस बसवला.

सातव्या दिवशी रात्री आरतीला गर्दी असताना शेवटच्या इमारतीतल्या एका आजोबांना छातीत दुखू लागले. घरच्यांनी 108 ला फोन केला आणि लगेच मंडळाच्या क्रमांकावरही केला, कारण तो क्रमांक प्रत्येक जिन्याच्या तोंडाशी चिकटवलेला होता. एक मुलगा मुख्य रस्त्यावर जाऊन उभा राहिला, कारण आमची गल्ली चालकांना पटकन सापडत नाही. ध्वनिक्षेपकावरून एकच वाक्य दोनदा सांगितले गेले: "रुग्णवाहिका येत आहे, रांगेतल्यांनी दोरीच्या आत थांबावे." आरती थांबवली नाही, पण ढोलकी आणि झांजा थांबवल्या, म्हणजे सूचना ऐकू येईल. दोरीवर असलेल्या दोन मुलींनी दोर आपल्याकडे ओढून घेतला आणि सगळी रांग मंडपाच्या बाजूला सरकली. गल्ली बंद असल्यामुळे सचिवांनी रुग्णवाहिका उलटी आत घ्यायला लावली. चालक सुरुवातीला तयार नव्हता, पण रुग्णाला घेऊन गर्दीतून मागे येण्यापेक्षा रिकामी गाडी मागे घेणे सोपे, हे त्याला पटले. आजोबांना खाली आणेपर्यंत गाडीचे तोंड मुख्य रस्त्याकडे होते. ते आता घरी आले आहेत. मी हे खिडकीतून पाहत होते आणि मला त्या मुलांचा अतिशय अभिमान वाटला.

जर्मनीत सगळे आपोआप शिस्तीत होते, असे इथे मानले जाते. माझ्या शहराला लागूनच ड्युइसबर्ग आहे. तिथे 24 जुलै 2010 रोजी एका संगीत-महोत्सवात चेंगराचेंगरी होऊन 21 माणसे गेली. मैदानावर येण्याचा आणि तिथून बाहेर पडण्याचा मुख्य मार्ग एकच उतार होता आणि त्या उताराकडे बोगद्यांतून यावे लागत होते. नगरपालिकेची परवानगी होती, पोलीस होते, आराखडे होते. त्याचा खटला 2020 मध्ये निकालाविना बंद झाला आणि त्याची खंत तिथल्या लोकांना आजही आहे. आमच्या मंडळाने दर्शनाची रांग एका बाजूने आत घेतली आणि मूर्तीच्या मागून दुसऱ्या बाजूला काढली, म्हणजे येणारा आणि जाणारा कुठेच समोरासमोर आले नाहीत. प्रसादाचे टेबल पूर्वी मूर्तीसमोर असे आणि लोक तिथेच घुटमळत. यंदा ते बाहेर पडण्याच्या वाटेपासून पुढे, गल्ली रुंद होते तिथे ठेवले. एवढ्या एका बदलाने रांग चालती राहिली.

बेस्टमधून निवृत्त झालेल्या काकांचे आभार मला वेगळे मानायचे आहेत. तात्पुरते मीटर बेस्टकडून रीतसर घेतले होते, पण मीटरच्या पुढची सगळी जोडणी मंडळाची जबाबदारी असते. काकांनी लोखंडी खांबांना अर्थिंग दिले, वायरी जमिनीवरून न नेता वरून नेल्या आणि मेनजवळ वीज जमिनीकडे गळू लागताच पुरवठा तोडणारा 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवला. दररोज सकाळी ते त्याचे टेस्टचे बटण दाबून तो खाली पडतो की नाही, ते पाहत.

तिसऱ्या रात्री पावसाची जोरदार सर आली आणि मंडपात अंधार झाला. ईएलसीबी वर केला की लगेच पडत होता. एका कार्यकर्त्याने ठामपणे सांगितले की लोड जास्त झाला आहे, दोन हॅलोजन बंद करा. त्याचे म्हणणे अर्धे बरोबर होते. लोड वाढला की एमसीबी पडतो, आणि तो तर जागेवर होता. ईएलसीबी पडतो तेव्हा वीज कुठेतरी भलतीकडे, म्हणजे ओल्या खांबातून किंवा एखाद्या माणसातूनही, जमिनीकडे जात असते. रांग ताटकळली होती, देणगीदार पाहुणे यायचे होते, आणि "तेवढा वेळ डायरेक्ट करा" असा आग्रह दोन-तीन बाजूंनी झाला. काकांनी मेनच्या पेटीला कुलूप लावले आणि किल्ली खिशात टाकली. मूर्तीसमोर समया आणि बॅटरीचे दिवे ठेवून रांग तेवढ्यापुरती थांबवली. मग त्यांनी सगळ्या जोडण्या सोडवल्या आणि एकेक लावत गेले. चौथी जोडणी लावताच ईएलसीबी पडला. मागच्या कोपऱ्यातल्या एका हॅलोजनच्या डब्यात पाणी शिरले होते आणि तो ज्या लोखंडी खांबावर बांधला होता, त्याच खांबाला टेकून मुले उभी राहत असत. हॅलोजन काढला, बाकीचे दिवे लागले. पाहुण्यांनी अंधारात वाट पाहिली याबद्दल काहींनी नंतर नाराजी दाखवली. मी काकांच्या पूर्णपणे बाजूने आहे.

विसर्जनावर मात्र गल्लीचे एकमत नाही. उच्च न्यायालयाच्या जुलै 2025 च्या आदेशाप्रमाणे सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायच्या होत्या आणि आमची मूर्ती त्यात बसत होती. समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर असताना तलावात विसर्जन करणे काही ज्येष्ठांना मनापासून पटलेले नाही, आणि त्यांचे दुःख मी हलके मानत नाही. मंडळाने आदेश पाळला. पुढच्या वर्षी शाडूची मूर्ती घ्यावी, अशी सूचना आली आहे, पण त्या उंचीची शाडूची मूर्ती वजनाला किती होईल आणि आमच्या मुलांना ती उचलेल का, यावर चर्चा अडली आहे.

आता ज्यात मला तिकडची पद्धत बरी वाटते, तेही सांगते. तिथे रस्त्यावरच्या उत्सवासाठी सुरक्षेचा आराखडा लिहून द्यावा लागतो. कोण कुठे उभा राहील, गाडी कुठून येईल, वीज कोण बंद करील, हे कागदावर असते, त्यामुळे माणूस बदलला तरी काम अडत नाही. आपल्याकडे हे सगळे सचिवांच्या आणि काकांच्या डोक्यात आहे. काका सत्तरी ओलांडलेले आहेत. पण त्या पद्धतीचा दुसरा भागही सांगायला हवा. तिथे पहारा पगारी कंपनीकडून घ्यावा लागतो, अडथळे भाड्याने आणावे लागतात, आणि हा खर्च परवडत नाही म्हणून गेल्या काही वर्षांत कितीतरी छोटे उत्सव रद्द झाले आहेत. आमच्या गल्लीत हे काम कार्यालयातून रजा काढून आलेल्या मुला-मुलींनी केले. त्यामुळे तिथला आराखड्याचा कागद घ्यावा, पण त्याबरोबर येणारी कंत्राटे घेऊ नयेत, असे माझे मत आहे.

मी परत निघण्याआधी काकांशेजारी बसून विजेच्या जोडणीची आकृती आणि रोजच्या तपासणीचा क्रम वहीत लिहून घेतला. आकृती त्यांनीच काढली, मी फक्त अक्षर दिले. रुग्णवाहिकेच्या वेळी कोणी काय केले, ते दोरीवरच्या दोन मुलींनी त्याच वहीत लिहिले आहे. वही सचिवांच्या घरी आहे. शाळेच्या मैदानाचे काय, हे मात्र वहीत नाही, कारण पुढच्या वर्षी तिथे बांधकाम निघणार असे मुख्याध्यापकांनी आत्ताच कळवले आहे. दुचाक्यांसाठी दुसरी जागा शोधायला मंडळाने गुढीपाडव्यापर्यंतची मुदत ठरवली असून पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी त्या समितीत स्वतःहून नाव दिले आहे.