‘वेडेपणा’ आणि उलट वाट: एका प्रतिक्रियेला उत्तर

आरपीएफ म्हणजे ‘रिव्हर्स पाथ फॉरवर्डिंग’, उलट वाटेचा नियम: सगळ्यांसाठी निघालेला संदेश, म्हणजे ब्रॉडकास्ट, राऊटरने तेव्हाच घेऊन पुढे पाठवायचा, जेव्हा तो मूळ पाठवणाऱ्याकडे जायच्या त्याच्या स्वतःच्या वाटेवरून आला असेल. ‘याने डुप्लिकेट थांबतात’ असं मी एका लेखात म्हटलं होतं. त्यावर ही प्रतिक्रिया आली:

> “आरपीएफने डुप्लिकेट थांबतात हे चूक. प्रत तारेवरून जातेच, राऊटर ती नुसती टाकून देतो. थेट आलेली पहिली प्रत फेकून उशिराची घ्यायची, हा तर वेडेपणा. जाताना-येताना किंमत वेगळी असेल तर काय, त्यावर अवाक्षर नाही. लिहिण्याआधी थोडं वाचत जा.”

‘थांबतात’च्या जागी ‘पुढे पसरत नाहीत’ हवं होतं. मान्य, दुरुस्त केलं.

पण ‘वाचत जा’? अहो, मडगावच्या एका कार्यालयात मी अकरा वर्षं नेटवर्क सांभाळलंय. चतुर्थीच्या आदल्या दिवशी कुणीतरी एकाच वायरची दोन्ही टोकं एका स्विचमध्ये खोचली, तेव्हा सगळे दिवे एकदम थरथरायला लागले आणि फोनसुद्धा बंद पडले. आलेली प्रत्येक प्रत बाकीच्या सगळ्या तारांवर ढकलत राहायची, हे बेलगाम फ्लडिंग म्हणजे काय, ते मी पुस्तकाआधी तिथे पाहिलं.

आता तुमचा ‘वेडेपणा’. पणजी, फोंडा, मडगाव असे तीन राऊटर त्रिकोणात जोडलेले धरा. प्रत्येक तारेला एक किंमत, बेरीज कमी ती वाट चांगली: पणजी-फोंडा ३, फोंडा-मडगाव ३, पणजी-मडगाव थेट १०. पणजीहून ब्रॉडकास्ट निघतो, एक प्रत फोंड्याला, एक थेट मडगावला. समजा थेट प्रत आधी पोचली. मडगाव घड्याळ बघत नाही. ‘मला पणजीला काही पाठवायचं असतं, तर कुठल्या तारेने पाठवलं असतं?’ एवढंच तो स्वतःच्या वाटांच्या तक्त्याला विचारतो. उत्तर फोंड्याची तार, कारण ६ हे १० पेक्षा कमी. म्हणून थेट प्रत फेकली, पुढे काही पाठवलं नाही. मग फोंड्याकडून आली ती घेतली आणि उरलेल्या तारेने पणजीला पाठवली, तिथे ती संपली. प्रती चार गेल्या, दोनांत भागलं असतं. पण कुठेही फेरा धरला नाही.

पहिली येईल ती घ्यायची, तर ‘ही आधी पाहिली का’ हे ठरवायला उगम आणि अनुक्रमांक यांची यादी प्रत्येक राऊटरने जपायची. राऊटरना वाटा शोधून देणारा ओएसपीएफ हा प्रोटोकॉल तारांच्या माहितीच्या जाहिराती पसरवताना अनुक्रमांक वापरतोच, त्यात गैर नाही. पण संगणक-शास्त्रज्ञ दलाल आणि मेटकाफ यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या उलट वाटेची खुबी हीच, की प्रतींची आठवण ठेवावी लागत नाही. असलेला तक्ताच पुरतो. त्यांनाही वेडे म्हणणार?

खरी खोट वेगळीच आहे, ती तुमच्या नजरेतून सुटली. फोंडा-मडगाव तार तुटली आणि मडगावचा तक्ता अजून जुनाच असला, तर थेट आलेली चांगली प्रत तो फेकतो आणि फोंड्याची वाट बघत बसतो, जी येणारच नाही. तक्ता बदलेपर्यंत मडगावला ब्रॉडकास्ट मिळत नाही, पणजीशी तार धडधाकट असूनही.

दुतर्फा किमतीचं म्हणाल, तर लेख नवख्यांसाठी होता. त्यावर तुम्हीच लिहा, मी वाचीन. वाचायला सांगितलंयच ना तुम्ही.