ढोबळ प्रगती, निव्वळ प्रगती

घोडबंदर रोडवर इमारती उगवतात तशा शाळाही उगवतात, आणि शाळा उगवली की तिला क्रीडा प्रशिक्षक लागतो. अशाच एका नव्या शाळेसाठी मी अर्ज भरायला बसलो. नाव, पत्ता, शिक्षण, अनुभव इथपर्यंत गाडी सुसाट होती. सातव्या रकान्यापाशी थांबली. ‘आपण तयार केलेल्या खेळाडूंची प्रगती आणि आपल्या सुरक्षित प्रशिक्षण पद्धती पुराव्यासह दाखवा. मर्यादा दोन पाने.’

दोन पानं? माझ्याकडे पुराव्यांचं कपाट होतं. पदकांसह पोरांचे अकरा फोटो, वर्तमानपत्रातली कात्रणं (त्यातल्या एकात माझा अर्धा कान दिसतो), आणि एका नगरसेवकाच्या हस्ते मिळालेली शाल. शाल स्कॅन होईना म्हणून तिचाही फोटो काढला. मजकूर एका बैठकीत झाला. ‘माझ्या मार्गदर्शनाखाली एका मुलीची १०० मीटरची वेळ १४.७१ वरून १३.५ सेकंदांवर आली. सुरक्षिततेची पूर्ण काळजी घेतली जाते.’ वाचून माझा मलाच अभिमान वाटला.

माझी बायको बँकेत कर्ज विभागात आहे. गेली वीस वर्षं ती लोकांच्या स्वप्नांमागचे कागद तपासते. तिने अर्ज वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाली, “अहो, हे घेऊन तुम्ही कर्ज मागायला आला असतात तर मी फाइल परत पाठवली असती.”

“का? एक पूर्णांक एकवीस सेकंदांची सुधारणा आहे!”

“ती ढोबळ. निव्वळ किती?”

शंभर मीटरलाही वजावटी असतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. बावीस वर्षं शिट्टी वाजवून एवढं कळतंच. पण घरात कोणी विचारत नाही तोवर माणूस ढोबळ आकड्यावर सुखाने जगतो.

“ही पहिली वेळ कुठली?” तिने विचारलं.

“विभागीय स्पर्धेतली. इलेक्ट्रॉनिक.”

“आणि दुसरी?”

“आपल्या मैदानावरची. माझ्या घड्याळावरची.”

ती काही बोलली नाही. बँकेत असं न बोलणं फार महागात पडतं म्हणतात.

इलेक्ट्रॉनिक घड्याळ बंदुकीच्या आवाजासरशी आपोआप सुरू होतं. माझं घड्याळ माझ्या अंगठ्यावर चालतं. एक मोठा मुलगा सुरुवातीच्या रेषेवर लाकडी फळ्या आपटतो, मी शंभर मीटरवर उभा असतो. फळ्या मिटलेल्या दिसल्या की डोळा मेंदूला सांगतो, मेंदू अंगठ्याला सांगतो, तोवर मुलगी निघालेली असते. उलट शेवटी ती रेषेकडे येताना दिसतच असते, त्यामुळे अंगठा तिच्या जोडीने, कधीकधी आधीच, दाबला जातो. म्हणून हाताची वेळ नेहमी उदार येते. १०० मीटरला हाताची वेळ इलेक्ट्रॉनिकच्या शेजारी ठेवायची तर तिच्यात ०.२४ सेकंद मिळवतात. निदान मी फळ्यांचा आवाज ऐकून नव्हे, फळ्या बघून दाबत होतो. आवाजाला शंभर मीटर यायला जवळपास ०.३ सेकंद लागतात. ऐकून दाबलं असतं तर ही पोरगी कागदावर थेट राष्ट्रीय शिबिरात गेली असती.

“शिवाय घड्याळात नेमकं काय आलं होतं?” तिने विचारलं.

डायरी काढली. १३.५२ होतं. मी १३.५ लिहिलं होतं, कारण दोन शतांशांसाठी कोण भांडतं? पण हाताची वेळ पुढच्या दशांशाला नेतात, मागच्या नव्हे. म्हणजे १३.६. त्यात ०.२४ मिळवले की १३.८४.

“सुधारणा राहिली ०.८७,” बायको म्हणाली. तिने कॅल्क्युलेटरही घेतला नव्हता. “मैदान शंभर मीटरचं आहे ना?”

“आहे म्हणजे काय! मी स्वतः मोजलंय.”

“कशाने?”

पावलांनी. दहा वर्षांपूर्वी. तेव्हा माझी पावलं लांब असावीत अशी माझी समजूत होती. रविवारी सकाळी आम्ही दोघं टेप घेऊन मैदानावर गेलो. टेपचं टोक हिने धरलं, कुत्र्याने मधला भाग धरला. मैदान ९८ मीटर ६० सेंटीमीटर निघालं. शेवटच्या टप्प्यात ती मुलगी सेकंदाला साधारण साडेसात मीटर धावते, म्हणजे राहिलेले १ मीटर ४० सेंटीमीटर संपवायला तिला जवळपास ०.१९ सेकंद लागले असते. राहिले ०.६८.

मग वारा. त्या दिवशी खाडीकडून पाठीवर वारा होता हे मला आठवत होतं, कारण माझी टोपी शेवटच्या रेषेच्या पलीकडे जाऊन पडली होती. अधिकृत विक्रमाला पाठीवरचा वारा सेकंदाला २ मीटरपर्यंतच चालतो. माझ्याकडे वारा मोजायला टोपीखेरीज काही नव्हतं. जे मोजलं नाही त्याची वजावट काढता येत नाही, म्हणून तिथे ‘वारा पाठीवर, मोजलेला नाही’ एवढंच लिहिलं. आणि शेवटची वजावट, जिच्यावर माझा काहीच हक्क नव्हता: त्या चौदा महिन्यांत मुलगी पाच सेंटीमीटर वाढली होती. त्या वयात पाय लांब होतात, ताकद वाढते, मुलं प्रशिक्षकाशिवायही वेगवान होतात. त्यातलं माझं किती आणि तिच्या आईच्या भाकरीचं किती, हे वेगळं काढता येत नाही. म्हणून वेळेच्या शेजारी उंचीही लिहिली.

“पण ०.६८ तरी खरे आहेत कशावरून?” ही थांबायला तयार नव्हती. “एकच मुलगी रोज वेगळी धावत नाही?”

धावते. हे मात्र मी नकळत तपासून ठेवलं होतं. एकदा तिची सलग तीन दिवस वेळ घेतली होती, तेव्हा सगळ्यांत कमी आणि सगळ्यांत जास्त यांत ०.२ चा फरक होता. म्हणजे माझ्या घड्याळावर दोन-तीन दशांश इकडे तिकडे झाले तर त्याला प्रगती म्हणायचं नाही. ०.६८ त्याच्या बराच पुढे जातो. हिने मान हलवली. लग्नानंतर इतक्या समाधानाने तिने फार क्वचित मान हलवली आहे.

“बाकीच्यांचं काय?”

“बाकीचे कोण?”

“मुलं बावीस होती. अर्जात एकच आहे.”

आठ जणं सोडून गेली होती, क्लास, स्थलांतर, आणि एकाला आमचं मैदान ‘बोअर’ वाटलं. उरलेल्या चौदांपैकी नऊ जणं ०.३ च्या वर सुधारली, चार जणं जिथल्या तिथे, एक जण हळू झाला. तो मुलगा खूप गोड आहे, पण ते अर्जात लिहायचा रकाना नव्हता. चौदाही जणं लिहिली, सोडून गेलेले आठही लिहिले. नावं मात्र काढली. ‘खेळाडू अ’, ‘खेळाडू ब’ असं केलं. आईबापांची लेखी संमती नसताना दुसऱ्याच्या पोरांचे चेहरे कसे जोडणार? अकरा फोटो गेले. शाल राहिली होती, तीही हिने काढली.

आता दुसरं पान. “‘काळजी घेतली जाते.’ कोण घेतं? कधी?”

मी म्हटलं, लिहिण्यासारखं काय आहे त्यात! आमच्या गुरुजींच्या काळी उशिरा आलं की मैदानभर बेडूकउड्या आणि मध्ये पाणी मागितलं की आणखी बेडूकउड्या. मी दोन्ही बंद केलं. ऑक्टोबरात येऊरच्या बाजूने गडगडलं की मुलांना आत घेतो आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कोणाला बाहेर सोडत नाही. आणि डायरी ठेवतो. सराव संपून अर्धा तास झाला की प्रत्येकाला विचारायचं, आजचा सराव शून्य ते दहामध्ये किती जड गेला? आलेला आकडा गुणिले सरावाची मिनिटं. साठ मिनिटं आणि पाच, म्हणजे तीनशे. विचारायचं एकेकाला बाजूला घेऊन. घोळक्यात विचारलं की पहिला जे सांगेल तेच सगळे सांगतात, आणि उद्या सुट्टी हवी असलेला दहा सांगतो.

“दाखवा,” ही म्हणाली.

खेळाडू अ, म्हणजे तीच मुलगी, डिसेंबर. आठवड्याला चार दिवस, साधारण बाराशे. मग एक दिवस समोर लिहिलेलं: ‘गुडघा दुखतो. वाटीच्या खाली, नडगी सुरू होते तिथे. दाबलं की जास्त. उंचवटा.’ वाढीच्या वयात हे बरेचदा होतं. हाड झपाट्याने वाढतं, आणि मांडीच्या स्नायूचा दोर नडगीवर जिथे चिकटलेला असतो ती जागा अजून पक्की झालेली नसते. उड्या आणि वेगाच्या धावा वाढल्या की ती ओढून ओढून दुखू लागते. डॉक्टरांनी त्याला ऑसगूड-श्लॅटर म्हणतात असं सांगितलं. पोरं त्याला ‘शटर’ म्हणू लागली.

माझ्या आकड्यांत मात्र काहीच वाढलेलं नव्हतं. आठवडाभर डोकं खाजवल्यावर कळलं की शाळेचं स्नेहसंमेलन होतं आणि ही मुलगी रोज तासभर लावणीचा सराव करत होती. ठेका, उड्या, गिरक्या. पाच दिवस, साठ मिनिटं, तिच्या मते चार: आणखी बाराशे. तिचा भार दुप्पट झाला होता आणि मी फक्त माझ्या दुकानाची विक्री मोजत होतो. तेव्हापासून ‘दिवसभरात आणखी काय केलंस?’ हा प्रश्न आधी.

सहा आठवडे तिच्या उड्या आणि वेगाच्या धावा बंद. नंतर आधी जॉगिंग, मग साठ टक्के वेगाने धावा, उड्या सगळ्यांत शेवटी. डॉक्टरांची अट एवढीच की दुखणं दहापैकी तीनच्या वर जायला नको आणि दुसऱ्या सकाळपर्यंत उरायला नको. एकदा उरलं, तेव्हा आम्ही आठवडाभर मागे आलो. तिच्या वडिलांनी मला चांगलंच सुनावलं, जिल्हा स्पर्धा बुडाली म्हणून.

“हे सहा आठवडे तिच्या वेळांच्या आलेखात का नाहीत?” हिने विचारलं.

“अगं, सपाट रेघ आहे ती! बरं दिसत नाही.”

“तीच घाला. मधोमध.”

घातली. खाली ‘गुडघेदुखी, उड्या बंद’ असं बारीक अक्षरांत लिहिलं आणि अर्ज पाठवला.

चार दिवसांनी शाळेतून फोन आला. “सर, तुमचा आलेख मध्येच सहा आठवडे आडवा झालाय. स्कॅन करताना काही राहिलं का?”

“नाही मॅडम, तो तसाच आहे. मुलीचा गुडघा दुखत होता.”

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. “बरं. मग मुलाखतीला येताना ती डायरी घेऊन या.”

फोन ठेवून मी हिला ओरडून सांगितलं, “डायरी मागितलीय! पण तिच्या मागच्या पानांवर तू दुधाचा हिशोब लिहिलायस!”

“असू द्या,” स्वयंपाकघरातून उत्तर आलं. “तो तरी जुळतो.”