वडील वाहक नाहीत, तरी मुलाला अप्रभावी आजार: एका प्रतिक्रियेला उत्तर

«लेख वाचला. आईबाप दोघेही वाहक असल्याशिवाय अप्रभावी आजार होत नाही, हे बारावीच्या पुस्तकात स्पष्ट दिलंय. बाप वाहक नसेल तर एक तर रिपोर्ट चुकलाय, नाही तर बाप दुसरा. युनिपॅरेंटल डायसोमी हे लाखात एखादं प्रकरण पुढे करून तुम्ही लॅबच्या चुकांवर आणि घरातल्या गोष्टींवर पांघरूण घालताय. आणि ते सिद्ध तरी कसं करणार?» – म्हापशाचा एक वाचक

नमस्कार. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या शंकांची उत्तरं त्यातच आहेत. हे सिद्ध करता येतं, आणि ज्या चाचणीने ते सिद्ध होतं तीच चाचणी बाप कोण हेही सांगून जाते.

एकच उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. समजा एका मुलाला सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसं आणि स्वादुपिंड बिघडवणारा आजार आहे. सातव्या गुणसूत्रावरच्या सीएफटीआर जनुकाच्या दोन्ही प्रतींत बिघाड असला तरच तो होतो, म्हणून तो अप्रभावी. मुलाच्या रिपोर्टमध्ये `F508del` हा बिघाड जनुकाच्या दोन्ही प्रतींत आहे. आईच्या एका प्रतीत तो आहे, म्हणजे ती वाहक. वडिलांच्या दोन्ही प्रती निर्दोष. पुस्तकातला नियम असं धरून चालतो की मुलाला सातवं गुणसूत्र एक आईकडून आणि एक वडिलांकडून मिळालं. जवळजवळ नेहमी तसंच घडतं. युनिपॅरेंटल डायसोमीत मात्र दोन्ही सातवी गुणसूत्रं एकाच पालकाची असतात, इथे आईची.

हे घडतं कसं? स्त्रीबीज तयार होताना सातव्या गुणसूत्राची जोडी वेगळी झाली नाही, तर बीजात दोन सातवी गुणसूत्रं राहतात. शुक्राणूतून तिसरं येतं. तीन सातवी गुणसूत्रं असलेला गर्भ सहसा टिकत नाही, पण सुरुवातीच्या पेशीविभाजनात त्यातलं एक गळून पडलं तर तो वाचू शकतो. गळालेलं गुणसूत्र वडिलांचं असेल तर उरलेली दोन्ही आईची. दुसरी वाट अशी: शुक्राणूत सातवं गुणसूत्रच नव्हतं, आणि गर्भाने आईकडून आलेल्या एकट्या गुणसूत्राची नक्कल करून जोडी पुरी केली.

मात्र दोन्ही गुणसूत्रं आईची असली म्हणून आजार होतोच असं नाही. आईकडे एक सदोष आणि एक निर्दोष सातवं गुणसूत्र आहे. मुलाला ही दोन वेगवेगळी मिळाली, तर तो आईसारखाच वाहक होईल आणि आजारी पडणार नाही. याला हेटेरोडायसोमी म्हणतात. आजार होण्यासाठी सदोष गुणसूत्रच दोनदा यावं लागतं, एकाच पानाच्या दोन झेरॉक्स मिळाव्यात तसं. ही आयसोडायसोमी. स्त्रीबीज बनताना गुणसूत्रं आपसात तुकड्यांची अदलाबदल करतात, त्यामुळे एकाच गुणसूत्राचा काही भाग हेटेरो आणि काही आयसो असू शकतो. आपल्याला सीएफटीआरची जागा आयसो भागात आहे की नाही, एवढं पाहायचं असतं.

आता लॅबच्या चुकांकडे वळू. त्या आधी तपासायच्या, याबद्दल तुमचं-माझं दुमत नाही. पहिलं काम म्हणजे तिघांचंही नव्याने रक्त घेणं. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत प्रत्येकी २-३ मिली पुरतं. गोव्यातून नमुना बऱ्याचदा राज्याबाहेरच्या प्रयोगशाळेत जातो, तेव्हा नळ्यांवरचं नाव आणि नातं रक्त काढतानाच, त्या माणसासमोर लिहून घ्यावं. नमुन्यांची अदलाबदल झाली असेल तर ती दुसऱ्या वेळी उघडी पडते.

दुसरी शक्यता जास्त फसवी आहे. वडिलांच्या एका सीएफटीआरमधला मोठा तुकडाच गायब असेल तर काय होईल? `F508del` शोधणारी चाचणी त्यांच्यात तो बिघाड नाही असंच सांगेल, आणि ते खरंही असेल. पण तुकडा गायब असलेली प्रत मुलाकडे आली, तर मुलात त्या जागी फक्त आईची सदोष प्रत वाचली जाईल आणि रिपोर्टवर दोन्ही प्रती सदोष असल्याचं उमटेल. प्रत्यक्षात तिथे एकच प्रत आहे. अशा घरात वडील वाहकच असतात आणि तुमचा बारावीचा नियम अगदी बरोबर ठरतो. हे पकडण्यासाठी मुलाची आणि वडिलांची एमएलपीए चाचणी करतात. जनुकातल्या, प्रथिनाचा मजकूर असलेल्या तुकड्यांना एक्झॉन म्हणतात; ही चाचणी प्रत्येक एक्झॉनच्या प्रती मोजते. एका-दोन एक्झॉनचा तुकडा पुढच्या चाचणीच्या नजरेतून निसटू शकतो, म्हणून एमएलपीए आधीच करावी. याच टप्प्यावर दुसरे प्रायमर, म्हणजे जनुकाच्या प्रती वाढवताना सुरुवातीला चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे, वापरून वाचनही पुन्हा करून घ्यावं. प्रायमर बसतो त्या जागी वडिलांच्या प्रतीत एखादं अक्षर वेगळं असेल, तर ती प्रत वाढतच नाही आणि मुलात आईची तेवढी दिसते.

एमएलपीएत मुलाच्या सगळ्या एक्झॉनच्या दोन-दोन प्रती आल्या की तिघांचा एसएनपी अॅरे करायचा. यात गुणसूत्रांवरच्या लाखो जागा वाचल्या जातात; प्रत्येक जागी दिसू शकणाऱ्या दोन अक्षरांना ए आणि बी म्हटलं, तर तिथे ए ए, ए बी किंवा बी बी अशी जोडी येते. आलेखात दोन पट्टे असतात. खालचा पट्टा प्रत्येक जागी बी चं प्रमाण किती ते दाखवतो: नेहमीच्या गुणसूत्रावर ठिपक्यांच्या तीन ओळी दिसतात, ०, ०.५ आणि १ या उंचीवर. वरचा पट्टा प्रती किती ते सांगतो, आणि दोन प्रती असतील तर तो शून्याच्या रेषेवर राहतो. आयसोडायसोमीत ०.५ ची मधली ओळ नाहीशी होते, पण वरचा पट्टा शून्यावरच असतो. मोठा तुकडा गायब असेल तर मधली ओळही जाते आणि वरचा पट्टाही खाली घसरतो. रिपोर्ट हातात आला की आधी हे दोन पट्टे एकाखाली एक ठेवून पाहा.

आता बापाचा प्रश्न. तिघांच्या वाचनात अशा जागा शोधायच्या जिथे वडील ए ए आहेत आणि मूल बी बी. वडिलांकडून एक ए यायलाच हवा होता, तो आलेला नाही. सातव्या गुणसूत्रावर अशा जागांची रांग लागली आणि बाकीच्या २१ जोड्यांवर (लिंग गुणसूत्रं सोडून) वडिलांचा वाटा नीट सापडला, तर हेच वडील जैविक वडील आहेत आणि फक्त सातवं गुणसूत्र त्यांच्याकडून आलेलं नाही. बाप दुसरा असता तर न जुळणाऱ्या जागा सगळ्याच गुणसूत्रांवर विखुरलेल्या दिसल्या असत्या. खरा बाप वडिलांचा सख्खा भाऊ असला तर त्या कमी दिसतील, पण तेव्हाही एका गुणसूत्रापुरत्या मर्यादित राहणार नाहीत. म्हणजे या चाचणीत काहीही झाकलं जात नाही. उलट, नात्यांबद्दल न विचारलेलं उत्तरही ती देऊ शकते, म्हणून रक्त घेण्याआधी समुपदेशकाने जोडप्याला हे स्पष्ट सांगून त्यांची संमती घेणं मला फार महत्त्वाचं वाटतं. बाप दुसरा असं आधीच ठरवून बोललेलं वाक्य त्या बाईच्या संसारात कायमचं राहतं, मग रिपोर्ट काहीही येवो.

इथे आणखी एक गफलत होते. मामेबहिणीशी लग्न, किंवा पिढ्यान्पिढ्या त्याच मोजक्या घराण्यांत सोयरिकी असतील, तर मुलात ०.५ ची ओळ नसलेले भाग तसेही दिसतात. पण ते अनेक गुणसूत्रांवर तुकड्यातुकड्यांनी पसरलेले असतात. संपूर्ण सातवं गुणसूत्र किंवा त्याचा बराच मोठा भाग, आणि तेवढा एकच, असा आढळला तर रोख युनिपॅरेंटल डायसोमीकडे जातो. तरीही तिघांच्या तुलनेशिवाय शिक्कामोर्तब करू नये. उलट बाजूने, एकट्या मुलाच्या अॅरेत हेटेरोडायसोमीचा भाग अगदी सामान्य दिसतो, कारण तिथे आईची दोन वेगळी गुणसूत्रं असतात आणि मधली ओळ जागेवरच राहते. म्हणून फक्त मुलाचा रिपोर्ट पाहून 'युनिपॅरेंटल डायसोमी नाही' असं म्हणता येत नाही.

लाखात एक म्हणालात, त्याबद्दल. २०१९ मध्ये मोठ्या लोकसंख्येच्या जनुकीय माहितीवर झालेल्या अभ्यासात युनिपॅरेंटल डायसोमीचं प्रमाण सुमारे २,००० जन्मांमागे एक असं आलं. त्यातल्या बहुतेकांना कुठलाच आजार नसतो. आणि इथे हिशेब सगळ्या जन्मांचा नाही. मूल आजारी आहे, आई वाहक आहे, वडिलांची तपासणी निर्दोष आहे, एवढं दिसल्यावर उरलेल्या मोजक्या स्पष्टीकरणांत हे एक आहे. वडिलांच्या बीजपेशीत तोच बिघाड नव्याने होणं हेही त्यांपैकीच, पण तेव्हा अॅरेत सातव्या गुणसूत्रावर वडिलांचा वाटा दिसतो.

ही कल्पना एरिक एंगेल यांनी १९८० मध्ये मांडली आणि १९८८ मध्ये पहिला रुग्ण नोंदवला गेला. ती सिस्टिक फायब्रोसिस झालेली मुलगी होती आणि तिची दोन्ही सातवी गुणसूत्रं आईची होती. तिची उंचीही फार कमी होती, आणि ते एकट्या सिस्टिक फायब्रोसिसमुळे नव्हतं. सातव्या गुणसूत्रावरची काही जनुकं आईकडून आली की वडिलांकडून, यावर त्यांचं काम ठरतं. दोन्ही प्रती आईच्या असतील तर सिल्व्हर-रसेल सिंड्रोम होऊ शकतो: जन्मतः वजन कमी आणि वाढ मंद. सिल्व्हर-रसेलच्या ५ ते १० टक्के रुग्णांत कारण हेच असतं. म्हणून स्वादुपिंडाची एन्झाइम्स आणि आहार नीट चालू असताना वजन सावरलं पण उंची मागेच राहिली, तर ती फुप्फुसांच्या खात्यावर टाकू नका. वाढीच्या डॉक्टरांना अॅरेचा रिपोर्ट दाखवा.

या सगळ्या खटाटोपाचा उपयोग पुढच्या बाळंतपणाच्या वेळी होतो. वडिलांच्या प्रतीतला तुकडा गायब निघाला तर पुढच्या प्रत्येक मुलाला आजाराचा धोका २५ टक्के, आणि गर्भाची तपासणी आवर्जून करायला हवी. रिपोर्टवर `upd(7)mat`, म्हणजे दोन्ही सातवी गुणसूत्रं आईची, असं आलं आणि आईवडील दोघांची कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची संख्या आणि रचना, सामान्य असेल, तर तो धोका १ टक्क्याहून कमी. आई वाहक आहेच, त्यामुळे पुढचं मूल वाहक असण्याची शक्यता ५० टक्के राहते, पण वाहक आजारी नसतो. वडिलांच्या भावंडांना या निदानामुळे चाचणीची गरज पडत नाही. आईच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला मात्र वाहक असण्याची शक्यता निम्मी आहे. त्यांनी मुलाचा आणि आईचा रिपोर्ट सोबत नेऊन `F508del` ची चाचणी करून घ्यावी, आणि ती सकारात्मक आली तर जोडीदाराच्या संपूर्ण सीएफटीआरची तपासणी एमएलपीएसह करावी.